'इस्कूल'मधला इ

उत्तर भारतातल्या गावांत 'स्कूल' हा शब्द बऱ्याच जणांच्या तोंडी 'इस्कूल' होतो. बंगालीत तर 'इश्कुल' हे रूप इतके रुळले आहे की ते लिहायलाही कोणी बिचकत नाही. शिकलेल्या माणसाला यात अडाणीपणा दिसतो. पण जगाच्या नकाशावर हाच शब्द शोधत निघालो, तर त्याच्या आधी स्वर चिकटवणारी किती मोठी मंडळी भेटतात! स्पॅनिश माणूस शाळेला 'एस्कुएला' म्हणतो, पोर्तुगीज 'इश्कोला', बास्क 'एस्कोला', हंगेरियन 'इश्कोला' आणि वेल्श माणूस 'अस्गोल'. या सगळ्यांचे मूळ लॅटिन 'स्कोला' आणि त्याच्याही मागे ग्रीक 'स्खोले'. बास्क, हंगेरियन, वेल्श अशा एकमेकींपासून दूरच्या भाषांनीही एकच दुरुस्ती केली. म्हणजे हा कुणाचा उच्चारदोष नव्हे, यामागे नियम असला पाहिजे.

दुसरी वाटही दिसते. फिनिश भाषेने स्वीडिशकडून 'स्कोला' घेतला आणि त्यातला स टाकून 'कोउलु' केला. एस्टोनियनमध्ये तो 'कोल' झाला. पॅसिफिकमधल्या माओरी लोकांनी इंग्रजी 'स्कूल'चा 'कुरा' केला, हवाई बेटांवर त्याचा 'कुला' झाला. तिसरी वाट पंजाबीची आणि जपानीची. पंजाबी म्हणते 'सकूल', जपानी म्हणते 'सुकूरु'. थोडक्यात, शब्दारंभी 'स्क' असे जोडाक्षर चालत नसेल तर तीन उपाय उरतात. पुढे स्वर लावा, मध्ये स्वर घाला, किंवा स सोडून द्या.

यातल्या स सोडण्याच्या वाटेवरून आपले मराठीचे पूर्वजही चालत गेले आहेत. संस्कृत 'स्कंध' प्राकृतात 'खंध' झाला आणि मराठीत 'खांदा'. 'स्कंभ'चा 'खांब' झाला, 'स्थान'चे 'ठाणे', 'मस्तक'चा 'माथा'. इथे स नुसता गळालेला नाही, जाताना तो पुढच्या व्यंजनाला महाप्राण देऊन गेला आहे. स हा मुळात तोंडातून सुटणारा वारा. स म्हणून तो टिकला नाही, तेव्हा तो वारा क किंवा त यांच्या पाठीशी जाऊन बसला आणि त्यांचे ख आणि थ झाले. मात्र 'स्त्री' या एका शब्दाशी आले की पाली-प्राकृत वेगळे वागतात. त्यांत 'इत्थी' मिळते. गंगेकाठच्या 'इस्कूल'चा इ पुढे लावण्याची सवय एवढी जुनी आहे.

आता या विषयातले खरे कोडे. जो हिंदी बोलणारा 'स्टेशन'ला 'इस्टेशन' आणि 'स्टूल'ला 'इस्टूल' म्हणतो, तोच 'प्लेट'ला 'इप्लेट' म्हणत नाही. तो म्हणतो 'पिलेट'. 'क्लास'चा 'किलास' होतो आणि 'ग्लास'चा 'गिलास' तर प्रमाण हिंदीतच आहे. म्हणजे स्वर तोच, बोलणारा तोच, पण एकदा इ जोडाक्षराच्या आधी बसतो आणि एकदा मध्ये घुसतो. हे त्याला कोणी शिकवलेले नसते. शाळेची पायरी न चढलेला माणूसही यात चुकत नाही.

हे फक्त हिंदीपुरते असते तर एखादी लकब म्हणून सोडून देता आले असते. पण एलन ब्रोसेलो या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९८०च्या दशकात इजिप्तमधल्या अरबी भाषकांचे इंग्रजी तपासले, तर तिथे 'स्टडी'चे 'इस्टडी' होत होते आणि 'प्लास्टिक'चे 'बिलास्टिक'. अरबीत प नाही म्हणून ब आला, ती गोष्ट निराळी. पण स्वराची जागा थेट हिंदीसारखीच! 'स्वेटर' मात्र तिथे 'सिवेटर' होतो आणि आपल्याकडे 'स्लेट'ची हिंदीत 'सिलेट' होते. म्हणजे प्रश्न केवळ स चा नाही. स च्या पुढे क, ट, प आले तर स्वर आधी येतो. ल किंवा व आले तर मध्ये.

याचे एक उत्तर व्याकरणातून येते. अक्षर उच्चारताना आवाज स्वराकडे जाताना चढत जातो आणि स्वर ओलांडल्यावर उतरतो. प बंद, ल त्याहून मोकळा, ए पूर्ण मोकळा. 'प्ले' मध्ये ही चढण सरळ आहे. 'स्कू'मध्ये मात्र स चा वारा आधीच वाहू लागतो, मग क शी तोंड पूर्ण मिटते आणि पुन्हा उघडते. चढणीच्या वाटेवर मध्येच खड्डा पडतो. पुढे इ लावला की स मागच्या अक्षराचा होतो, 'इस्' आणि 'कूल', आणि दोन्ही अक्षरे नीट बसतात.

हे खरे आहे, पण अपुरे आहे. 'पंजाबी माणूस सकूल का म्हणतो?' याचे उत्तर यात मिळत नाही. शिवाय 'सकूल'मध्येही दोन्ही अक्षरे नीटच बसतात. मला अधिक पटणारे उत्तर कानाच्या बाजूने येते आणि ते भाषाशास्त्रज्ञ हाइडी फ्लाइशहाकर यांनी २०००च्या दशकाच्या सुरुवातीला मांडले. त्यांचे म्हणणे असे की बोलणारा स्वर घालणारच आहे, पण तो अशा जागी घालतो, जिथे मूळ शब्दापासूनचा फरक कानाला कमीत कमी जाणवेल.

हे आपल्याच तोंडाने पडताळून पाहता येते. 'प्लेट' सावकाश म्हणा. प सुटतो त्या क्षणी ओठ उघडतात आणि ल चा घुमारा सुरू झालेला असतो. ल मध्ये स्वरासारखाच नाद असतो, म्हणून प आणि ल यांच्या सांध्यात आधीच स्वराची छटा ऐकू येते. तिथे छोटासा इ घातला तर कानाला नवे काही मिळत नाही, असलेलेच थोडे लांबते. आता 'स्कूल' म्हणा. स चा सळसळाट संपतो आणि क साठी जीभ टाळूला टेकते, त्या वेळी क्षणभर पूर्ण शांतता असते. या शांततेत स्वर घालणे म्हणजे रिकाम्या जागी मोठा आवाज करणे. कानाला तो लगेच कळतो. त्यापेक्षा तो शब्दाच्या उंबरठ्याबाहेर ठेवला की स आणि क यांची जोडी जशीच्या तशी राहते.

या उत्तराची कसोटी लागते ती भाषांच्या तुलनेत. फ्लाइशहाकर यांचे अनुमान असे: काही भाषा दोन्हीकडे मध्येच स्वर घालतील, पंजाबीसारख्या. काही दोन्हीकडे आधी लावतील. इराकी अरब 'फ्लोअर'ला 'इफ्लोर' म्हणतात. काही हिंदीसारख्या वाटणी करतील. पण 'सकूल' म्हणणारी आणि त्याच वेळी 'इप्लेट' म्हणणारी भाषा सापडणार नाही. म्हणजे सिद्धांत पंजाबीला चूक ठरवत नाही, फक्त एक कोपरा रिकामा राहील असे सांगतो. मधल्या जागी काय होते तेही पाहण्यासारखे आहे. स च्या पुढे न किंवा म आला तर तो ना क सारखा बंद, ना ल सारखा मोकळा. हिंदीच्या बोलींत 'स्नान'चे 'असनान' होते, पण 'स्मरण'चे 'सुमिरन'. इथे बोलणाराच दोन्ही बाजूंना झुकतो.

कान किती बलवान असतो हे १९९९ साली संशोधक एमानुएल दुपू आणि त्यांच्या फ्रेंच व जपानी सहकाऱ्यांनी प्रयोगाने दाखवले. त्यांनी 'एबुझो'सारखे निरर्थक शब्द ध्वनिमुद्रित केले आणि मधला उ हळूहळू कापत नेला. शेवटी उरला 'एब्झो', ज्यात स्वराचा मागमूस नव्हता. फ्रेंच श्रोत्यांना ते बरोबर कळले. जपानी श्रोत्यांना मात्र बहुतेक वेळा तिथे उ ऐकू आला. जपानीत ब च्या पुढे स्वर नसणे हे शक्यच नाही, म्हणून त्यांचा कान तो पुरवत होता. म्हणजे 'सुकूरु' म्हणणाऱ्या जपानी माणसाला आपण शब्द बदलला असे वाटतच नाही. त्याला तसाच ऐकू आलेला असतो. पुष्कळदा शब्द जिभेवर येण्याआधीच बदललेला असतो.

मग जपानीने उ च का निवडला? जपानीतला उ सर्वांत आखूड स्वर आहे आणि 'सुकू'सारख्या ठिकाणी तो नुसता कुजबुजला जातो, जवळजवळ गडपच होतो. सर्वांत कमी जाणवेल असा स्वर हवा, ही अट तो पुरी करतो. पण त पुढे उ आला की जपानीत त चा 'त्सु' होतो आणि मूळ शब्द बिघडतो. म्हणून तिथे ओ येतो. इंग्रजी 'स्ट्राइक' एका अक्षराचा शब्द, त्याचा जपानीत 'सुतोराइकु' होतो: स पुढे उ, त पुढे ओ, क पुढे पुन्हा उ. आणि हा झाला बेसबॉलमधला स्ट्राइक. कामगारांच्या संपाला ते 'सुतोराइकि' म्हणतात. एकच शब्द दोन वेगळ्या वाटांनी आला आणि शेवटचा स्वर वेगळा घेऊन बसला.

या सगळ्यात फसगत होण्याची एक मोठी जागा आहे. शब्दाच्या आरंभी इ दिसला म्हणून तो इथेच लागला असे धरून चालत नाही. गोव्यात कोंकणीत शाळेला 'इस्कोल' म्हणतात. प्रयागराजचे 'इस्कूल' आणि मडगावचे 'इस्कोल' शेजारी ठेवले तर सख्खी भावंडे वाटतात. पण पहिल्यातला इ हिंदी बोलणाऱ्याने इंग्रजी शब्दाला लावला, तर दुसऱ्यातला पोर्तुगीजांनी जहाजातून आणला. कोंकणीने तो फक्त ठेवून घेतला. मुळात तो लावला होता रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळातल्या सामान्य माणसांनी. त्या काळच्या कोरीव लेखांत 'स्पिरितुस' ऐवजी 'इस्पिरितुस' अशी रूपे मिळतात. स्पेन, पोर्तुगाल आणि फ्रान्सकडे हा स्वर कायमचा चिकटला. फ्रेंचमध्ये तर पुढे गंमत झाली: ज्या स च्या आधारासाठी स्वर आणला, तो स च नंतर बोलण्यातून गेला आणि 'एकोल' मध्ये फक्त पाहुणा स्वर उरला.

मराठीतल्या 'इस्टेट' या शब्दाचीही हीच कथा आहे. माणसाची इस्टेट आणि बँकेच्या नावातले 'स्टेट' हे दोन्ही लॅटिन 'स्टाटुस'पासून निघाले. 'इस्टेट'मधला पहिला स्वर जुन्या फ्रेंचमध्ये होताच, तिथून तो इंग्रजीत गेला आणि इंग्रजीतून आपल्याकडे आला. 'स्टेट'ने तो वाटेतच टाकून दिला. मराठी तोंडाने यात काहीच केलेले नाही. त्यामुळे असा शब्द समोर आला की आधी देणाऱ्या भाषेतले रूप पाहावे लागते. तिथेच स्वर असेल तर आपला दावा संपला.

मग मराठीने स्वतः काय केले? बोलीत 'स्टेशन'चे 'टेसन' झाले, कुठे 'ठेसन' झाले. म्हणजे आपण पुन्हा स टाकण्याच्या जुन्या वाटेने गेलो, आणि 'ठेसन'मधला ठ 'स्थान' आणि 'ठाणे' या जोडीची आठवण करून देतो, जरी दोन घटनांत दोन हजार वर्षांचे अंतर असले तरी. एस. टी. महामंडळाच्या गाडीला गावाकडे 'यष्टी' म्हणतात. एका छोट्या शब्दात मराठीच्या दोन सवयी आहेत. शब्दारंभीचा ए आपण 'ये' असा उच्चारतो, 'एक'ला 'येक' म्हणतो तसा. आणि ट च्या शेजारी आलेला स जीभ मागे वळवून ष होतो, 'कष्ट' आणि 'इष्ट' मधल्यासारखा. इथे नवा स्वर लावावा लागला नाही, कारण 'एस'मध्ये स च्या आधी तो होताच.

पण मराठीची खरी कारागिरी पाहायची तर शब्दाच्या शेवटाकडे वळले पाहिजे, आणि इंग्रजीऐवजी फारसीकडे. बहमनी काळापासून पेशवाईपर्यंत दरबारी फारसीतून हजारो शब्द मराठीत आले. त्यातल्या कित्येकांच्या शेवटी जोडाक्षर होते: हुक्म, जुल्म, मुल्क, फिक्र, शर्म, गर्म, जख्म, वज्न, शह्र. मराठीने त्यांचे हुकूम, जुलूम, मुलूख, फिकीर, शरम, गरम, जखम, वजन, शहर केले. आता दुसरी रांग पाहा: दोस्त, मस्त, किस्त, खर्च, मर्द, सक्त, जप्त. यांच्या जोडाक्षरात मराठीने स्वर घातला नाही.

दोन्ही रांगांतला फरक शब्दाच्या शेवटच्या व्यंजनात आहे. त, द, च यांसारखे तोंड मिटवणारे व्यंजन शेवटी असेल तर आवाज नीट उतरत जातो आणि जोडाक्षर चालते. म, न, र यांसारखे घुमणारे व्यंजन शेवटी आले की त्याला टेकायला स्वर लागतो. नियम शंभर टक्के नाही. 'मुल्क'च्या शेवटी क असूनही तो 'मुलूख' झाला. पण बहुतेक शब्द या वाटणीत बसतात.

घातलेला स्वर कोणता, हेही ठरलेले दिसते. आधी उ असेल तर मराठी तोच दीर्घ करून घालते: हुकूम, जुलूम, मुलूख. आधी इ असेल तर ई: फिकीर. आधी अ असेल तर अ: शरम, जखम. 'उम्र'चे 'उमर' होते, 'उमूर' होत नाही, म्हणजे इथेही अपवाद आहेच. तरीही शेजारच्या स्वराची नक्कल करणे हा मराठीचा कल स्पष्ट आहे.

याहून सुंदर गोष्ट पुढे आहे. 'जुलूम' म्हणतो, पण विशेषण करताना 'जुलमी' म्हणतो. 'हुकूम', पण 'हुकमी एक्का'. 'मुलूख', पण 'मुलखात'. शब्दाला पुढे स्वर असलेला प्रत्यय लागला की घातलेला ऊ उच्चारातून निघून जातो, कारण शेवटच्या म ला टेकायला आता प्रत्ययाचा स्वर मिळालेला असतो आणि 'जुल्-मी' अशी अक्षरे पडतात. फारसी 'जुल्मी'मध्येही हेच होते. म्हणजे मराठीने फारसी मूळ पुन्हा उघडे केले, तेही फारसी न येणाऱ्या शेतकऱ्याच्या तोंडून!

हे जमले कसे? याचे उत्तर मराठीच्या घरातच आहे. कापूस आणि कापसाला, माणूस आणि माणसाला, लसूण आणि लसणाला, बेडूक आणि बेडकाला. मराठीत शब्दाच्या शेवटच्या व्यंजनाआधीचा ऊ प्रत्यय लागताना नाहीसा होतो, हा साचा फारसी येण्याआधीपासून तयार होता. 'हुक्म' आला तेव्हा त्याला नवा नियम करावा लागला नाही. 'कापूस-कापसा' या साच्यात तो अलगद बसला आणि 'हुकूम-हुकमा' झाला. कोणता स्वर घालायचा आणि तो केव्हा काढायचा, हे दोन्ही साच्यानेच ठरवले. परका शब्द कानात शिरतो तेव्हा कान त्याला जवळचा घरचा शब्द शोधत असतो, हे इथे जितके स्वच्छ दिसते तितके मला 'इस्कूल'मध्येही दिसत नाही.

साच्यांनाही काळ असतो. हंगेरियनने मध्ययुगात 'इश्कोला' केला, तबेल्याच्या शब्दाला 'इश्तालो' म्हटले, पण अलीकडच्या काळात घेतलेले 'श्पोर्त' आणि 'श्तीलुश' (शैली) स्वर न लावता घेतले. दरम्यान इतक्या लोकांना जर्मन येऊ लागले होते की जोडाक्षराने सुरू होणारा शब्द कानाला खुपेनासा झाला. फिनिशमध्येही जुना 'कोउलु' स टाकून बसला आहे, नवा 'स्त्रेस्सी' (ताण) मात्र तिन्ही व्यंजने घेऊन चालतो. स्पॅनिशने तसे केले नाही. तिने तणावाला आजही 'एस्त्रेस' च केले. त्यामुळे हंगेरियन किंवा फिनिश शब्द पाहून तो साधारण जुना की नवा हे सांगता येते, स्पॅनिशबाबत हा अंदाज चालत नाही.

मराठीत अशी तारीख सांगणारी जोडी म्हणजे 'जुल्म' आणि 'फिल्म'. शेवट दोन्हींचा तोच, ल आणि म. पहिल्याचा 'जुलूम' झाला आणि छापील मराठीत तो तसाच कायम आहे. दुसरा विसाव्या शतकात आला, तेव्हा गावोगाव त्याचाही 'फिलिम' होत होता, आधीच्या इ ची नक्कल करून, अगदी 'फिकीर'सारखा. पण शाळेतले इंग्रजी आणि छापील जाहिराती वाढत गेल्या आणि 'फिलिम' मागे पडून 'फिल्म' राहिला. 'जुलूम' मात्र तोवर रुजला होता, आणि त्याच्या मागे 'कापूस', 'माणूस', 'लसूण' उभे होते.